ही जोडी नेमकी कुणी केली? कोल्हापुरी चपलेच्या मागचं पान कसं तयार होतं

ऑनलाइन दुकानात कोल्हापुरी चप्पल शोधली की एक ठरलेलं चित्र समोर येतं. वर चपलेचा फोटो, खाली पांढऱ्या मिशांचे, हातात कातडं कापायची रापी धरलेले एक काका आणि ओळ: ‘ही चप्पल यांनी घडवली.’ शेजारची बायकांची नक्षीदार चप्पल उघडा, तेच काका. लहान मुलांची उघडा, पुन्हा काका. प्रत्येक प्रकार सगळ्या मापांत हजर. ग्राहक मनात हिशेब करतो आणि त्याला कळतं, की काका खरे असतील, पण ही जोडी त्यांनी केलेली असेलच असं नाही.

खेड्यातल्या कारागिरांची सहकारी संस्था स्वतःचं ऑनलाइन दुकान काढते तेव्हा ‘कारागिराची ओळख’ आणि ‘वस्तू कुठली’ हे सांगणारी पानं करायची ठरतात. कुणीतरी फोटो काढतो, कुणीतरी ‘पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वारसा’ अशी वाक्यं लिहितो आणि काम झालं असं समजतात. खरं काम तिथे सुरूही झालेलं नसतं. असं पान म्हणजे मुळात नोंद असते. तिच्या मागे वही असेल तर ती खरी ठरते. वही नसेल तर जाहिरातच.

हे कोल्हापुरीच्याच उदाहरणानं पाहू, कारण ‘कुणी’ आणि ‘कुठे’ हे दोन्ही प्रश्न या चपलेत दिसतात तेवढे सरळ नाहीत.

आधी ‘कुणी’. परंपरागत पद्धतीत कच्चं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमावतात. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात आणि तिच्यात हे पाणी भरतात, म्हणजे ते आतून झिरपत राहतं. या सगळ्याला आठवडे लागतात. कमावलेलं कातडं सुकलं की तळाचे थर कापायचे, ते एकावर एक बसवायचे, बाजूचे कान लावायचे, पट्टा आणि अंगठा जोडायचा, बकऱ्याच्या मऊ कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालायची, शिवायचं आणि शेवटी तेल द्यायचं. बहुतेक ठिकाणी कापणी पुरुष करतात, तर वेणी आणि बरीचशी शिवण बायका करतात. कमावणी वेगळ्याच गावात, वेगळ्याच लोकांकडे झालेली असू शकते. म्हणजे एका जोडीवरून चार-पाच जणांचे हात फिरतात आणि फोटो येतो तो शेवटी चप्पल हातात धरून बसलेल्याचा. वेणी घालणारी बाई त्यात नसते. ग्राहक खरं तर तिच्याच कामाकडे बघून चप्पल पसंत करतो, हे विशेष.

आता ‘कुठे’. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आहे. त्याची नोंदणी एकट्या कोल्हापूरच्या नावावर नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. अर्ज दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांचा होता, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत किंवा निपाणीत झालेली चप्पलही कायद्यानं तितकीच कोल्हापुरी आहे. आणि नेमकं हेच पानावर लिहायला लोक कचरतात. ‘बेळगाव जिल्हा’ लिहिलं तर ग्राहक नकली समजेल, अशी धास्ती असते. मग मोघम ‘कोल्हापूर परिसर’ लिहितात. माझ्या मते ही चूक आहे. गावाचं, तालुक्याचं नाव सरळ लिहावं आणि खाली एका ओळीत आठ जिल्ह्यांची गोष्ट सांगावी. शंका तिथेच मिटते.

पण जोडणी कुठे झाली एवढं सांगून ‘कुठली’ हा प्रश्न संपत नाही. त्याला तीन उत्तरं आहेत: कातडं कुठून आलं, ते कुठे कमावलं आणि चप्पल कुठे झाली. कमावलेलं कातडं चेन्नईसारख्या दूरच्या बाजारातूनही येतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तळासाठी बहुधा म्हशीचं कातडं असतं. ग्राहक हे विचारतात आणि काहींसाठी तो श्रद्धेचा प्रश्न असतो. जनावराचं नाव न लिहिता ‘अस्सल चामडं’ म्हणणं म्हणजे प्रश्न टाळणं.

आता एक गट कल्पनेनं उभा करू. निपाणीजवळच्या दोन गावांतली १९ घरं एकत्र येऊन चप्पल करतात. त्यांनी प्रत्येक जोडीला स्वतःचं पान द्यायचं ठरवलं. त्यासाठी लागते एक साधी वही, किंवा मोबाइलवरची तक्ता-फाइल. कातडं येतं तेव्हा त्या खेपेला क्रमांक देतात, म्हणजे ‘गठ्ठा ७’. गठ्ठ्याबरोबर बिल येतं आणि त्यावर कुणाकडून, किती, कुठल्या जनावराचं हे असतं. गठ्ठ्यातून तळ कापून झाले की कोणत्या घरानं कापले ते लिहितात. वेण्या वेगळ्या घरून येतात, त्यांची जुडी बांधतानाच चिठ्ठी लावतात आणि तिच्यावर घर आणि बकऱ्याच्या कातड्याची खेप लिहितात. चप्पल जोडून झाली की तिला क्रमांक मिळतो आणि नोंद अशी दिसते:

```
जोडी         ०४२७
तळ-कातडं     गठ्ठा ७, म्हैस, साल-हिरडा कमावणी
तळ कापला     घर ३, मशीनवर
वेणी         घर ११, हातानं, गठ्ठा ५, बकरा
जोडणी-शिवण   घर ३ आणि घर ५, हातानं
तपासली       १४ नोव्हेंबर
```

दुकानातलं पान या नोंदीवरून तयार होतं. घर ११ च्या जागी त्या बाईंचं नाव आणि ओळख येते, गठ्ठा ७ च्या जागी कमावणीची माहिती येते. ओळखीची पानं १९ च राहतात आणि जोड्या बदलतील तशा ती वेगवेगळ्या जुळण्यांत दिसतात. दर जोडीला नवी गोष्ट लिहायची गरज पडत नाही. कुणाला हे किचकट वाटेल, पण रोजच्या कामात यानं भर पडते ती चार वेळा लिहिण्याची: कातडं येताना, तळ कापून झाल्यावर, वेण्या जमा होताना आणि चप्पल तपासताना.

‘मशीनवर’ हा शब्द बघून काही जण दचकतील. बऱ्याच ठिकाणी तळ साच्यानं, मशीनवर कापतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण पानावर नुसतं ‘संपूर्ण हातानं बनवलेली’ लिहिलं तर ते खोटं ठरतं. कोणतं काम कशानं झालं हे वेगवेगळं लिहिलं, की हाताच्या कामाचं मोल उलट जास्त नीट दिसतं.

वही खरी आहे का, हे पाहायची एक जुनी युक्ती आहे आणि ती दूध डेअरीतल्या माणसालाही ठाऊक असते. आत किती आलं आणि बाहेर किती गेलं, ते जुळवायचं. समजा, या गटाच्या आधीच्या तीन गठ्ठ्यांवरून असं दिसलं, की एका कातड्यातून सरासरी ९ जोड्यांचे तळ निघतात. गठ्ठा ७ मध्ये १२ कातडी होती. म्हणजे साधारण १०८ जोड्या व्हायला हव्यात. कापणाऱ्याचा हात आणि कातड्यावरचे डाग धरून पाच-दहा इकडे-तिकडे. दिवाळीनंतर मोजलं, तर गठ्ठा ७ च्या नावावर १५१ जोड्यांची पानं निघाली. वरच्या ४३ जोड्या आल्या कुठून?

अशा वेळी दोनच शक्यता असतात. एक तर गठ्ठा ८ उघडला पण वहीत आकडा बदलायचा राहिला. हा विसर आहे, बिल बघून दुरुस्त होतो. नाहीतर सणाच्या घाईत एखाद्या घरानं बाजारातून तयार तळ आणले. यात कुणाला फसवायचं असतंच असं नाही. ऑर्डर अंगावर असते, पावसात कातडं वाळलेलं नसतं, तयार तळ मिळत असतात. पण त्या ४३ पानांवरचा ‘साल-हिरडा कमावणी’ हा शब्द आता उभा राहत नाही. तिथे लिहायला हवं: ‘तळ बाजारातून घेतलेला, कमावणी तपासलेली नाही.’ विकलेल्या जोड्यांची पानंही बदलायची, कारण ग्राहक ती सहा महिन्यांनी उघडू शकतो.

कमावणी ओळखायची कशी, हा प्रश्न इथे येतोच. बाजारातलं पुष्कळसं कातडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते लवकर तयार होतं आणि मऊ असतं. सालीच्या कातड्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते, तर क्रोमच्या कातड्याच्या मधोमध बऱ्याचदा निळसर-राखाडी झाक दिसते. रंग दिलेला असेल तर डोळा फसतो, म्हणून बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात टाकून बघतात. सालीनं कमावलेलं कातडं आकसतं, वळतं, कडक होतं. चांगलं क्रोम-कातडं जवळपास तसंच राहतं. ही घरगुती चाचणी आहे. दोन्ही पद्धतींनी मिळून कमावलेल्या कातड्याबाबत ती गोंधळात टाकते, अशा वेळी प्रयोगशाळाच लागते. पण गठ्ठा उघडताना एक पट्टी उकळून बघितली आणि त्याचा फोटो वहीला जोडला, तर पानावरच्या त्या दोन शब्दांना आधार मिळतो.

हे झालं वस्तूचं. माणसाचं पान लिहिणं जास्त नाजूक आहे.

‘तुमची कहाणी सांगा’ असं विचारलं, की समोरचा माणूस अवघडतो आणि ऐकीव वाक्यं बोलतो. त्यापेक्षा शेजारी बसून काम बघावं आणि कामाबद्दल विचारावं. ही शिवणाची आरी कधीपासून वापरताय? वेणी बिघडली हे तुम्हाला कधी कळतं? कोणतं काम घाईनं केलं तर महिन्याभरात चप्पल परत येते? उत्तर मिळतं, ‘पट्टी ओली असताना जरा जास्त ओढली, की वाळल्यावर वेणी सैल पडते. म्हणून मी पावसाळ्यात वेणी घालायचं टाळते.’ समजा, घर ११ मधल्या मावशी असं म्हणाल्या. या दोन वाक्यांत ग्राहकाला चप्पल कळते आणि बाईंची हुशारीही कळते. शिवाय पावसाळ्यात ऑर्डरला उशीर का होतो, याचं कारण आपोआप पानावर येतं. ‘वारसा’ हा शब्द लिहायची गरजच उरत नाही.

बोली तशीच ठेवावी. निपाणीकडची मराठी पुण्याच्या छापील मराठीत बसवली की तिचा आवाज जातो. कन्नड शब्द आले तर येऊ द्यावेत आणि इंग्रजी पान करताना अर्थ द्यावा. लिहून झालेलं पान त्या व्यक्तीला वाचून दाखवावं, तेही शक्यतो घरातल्या कर्त्या माणसाच्या गैरहजेरीत. नाहीतर ‘ठीक आहे’ हे उत्तर त्याच्याकडून येतं.

या धंद्यात जात हा विषय टाळता येत नाही आणि छापतानाही फार जपावं लागतं. चामड्याच्या कामावरून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाजूला ठेवलं, त्यांच्या घरातल्या मुलीचा फोटो उद्या तिच्या कॉलेजातल्या लोकांना दिसणार आहे. काही जण अभिमानानं समाजाचं नाव सांगतील, काहींना नुसतं पहिलं नाव हवं असेल आणि काहींना फक्त हातांचा फोटो चालेल. पान लिहिणाऱ्यानं जात विचारू नये, आडनावावरून अंदाज करू नये आणि ‘या समाजाचा परंपरागत व्यवसाय’ असली ओळ स्वतःहून घालू नये. ठरवायचं त्या माणसानं.

संमती म्हणजे कागदावर अंगठा घेणं नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा असा आहे, की माहिती कशासाठी वापरणार हे समजेल अशा भाषेत सांगायचं, तेवढ्यासाठीच वापरायची, आणि दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. म्हणून फोटो दुकानाच्या पानावर वापरणं, जाहिरातीत वापरणं आणि दुसऱ्या कंपनीला देणं, या तीन गोष्टींची परवानगी वेगवेगळी घ्यावी. कारागीर गट सोडून गेला तर नवीन जोड्यांवर त्याचं पान दिसता कामा नये. फोन नंबर, घराचा पत्ता, नकाशावरची खूण यातलं काहीच पानावर नको, संपर्क गटाच्या कार्यालयाचा असावा. आणि लहान मूल आरी घेऊन बसलेलं दिसणारा फोटो कितीही सुंदर आला तरी ठेवायचा नाही. त्यात बघणाऱ्याला कौतुक दिसत नाही, बालमजुरी दिसते.

पान तयार झालं, आता ते जोडीपर्यंत पोचवायचं. बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड वापरतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाच्या सँडल कोल्हापुरीसारख्या दिसल्या आणि गदारोळ झाला. त्यानंतर लिडकॉमनं जोड्यांना क्यूआर कोड देण्याची योजना पुढे आणली. कारागिराचं नाव, जिल्हा, पद्धत आणि मानांकनाची स्थिती अशी माहिती त्यात अपेक्षित आहे. गटानं स्वतःचा कोड काढायचा तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

कोडात सगळी माहिती भरायची नाही, फक्त छोटा पत्ता भरायचा: गटाच्या स्वतःच्या संकेतस्थळाचं नाव आणि पुढे `/jodi/0427`. फुकट कोड करून देणाऱ्या काही सेवा मधे स्वतःचा पत्ता घालतात. मुदत संपली की तो बंद होतो आणि विकलेल्या सगळ्या जोड्यांचे कोड एका रात्रीत मुके होतात. दुसरी अडचण चपलेचीच आहे. तिला तेल दिलेलं असतं, त्यामुळे तळावर चिकटवलेलं लेबल डागाळतं, सुटतं. बिलाच्या यंत्रावर छापलेला कागद उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो. म्हणून जाड कार्डावर साध्या शाईत, निदान दोन सेंटिमीटरचा चौकोन छापून दोऱ्यानं बांधावा. कोड तयार करताना चूक-दुरुस्तीची `H` पातळी निवडली, तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. आणि जोडीचा क्रमांक तळाखाली ठशानं उमटवावा, कारण कार्ड पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं.

कोड म्हणजे अस्सलपणाचा पुरावा, असं मात्र समजू नये. कार्डाची नक्कल पाच मिनिटांत होते. एकच कार्ड शंभर नकली जोड्यांना बांधलं, तर प्रत्येक ग्राहकाला खरंच पान दिसेल. ते पकडता येतं ते दुसऱ्याच मार्गानं: ०४२७ चं पान एका आठवड्यात वेगवेगळ्या शहरांतून दोनशेदा उघडलं गेलं, तर काहीतरी गडबड आहे. पानावर जोडीचा रंग, माप आणि विकल्याची तारीख असेल, तर ग्राहकालाही हातातली चप्पल ताडून बघता येते.

एक शब्द मात्र तोलून वापरावा, तो म्हणजे ‘जीआय’. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकन नोंदवणारा वेगळा असतो आणि ‘अधिकृत वापरकर्ता’ वेगळा. आठ जिल्ह्यांत राहून चप्पल केली म्हणून जीआयचं चिन्ह छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी उत्पादकानं रीतसर नोंद करून घ्यावी लागते. ती झालेली नसेल तर पानावर गावाचं नाव आणि पद्धत लिहावी, चिन्ह लावू नये. १९ घरांपैकी सहाच जणांची नोंद असेल, तर चिन्ह त्या सहांनी केलेल्या जोड्यांनाच. इथेही वही उपयोगी पडते. याशिवाय ऑनलाइन विक्रीत उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत, तक्रारीसाठी संपर्क असे तपशील पानावर द्यावे लागतात, पण ते कंटाळवाणे असले तरी अवघड नाहीत.

या वहीचा सगळ्यात जास्त उपयोग ग्राहकाला होत नाही, गटाला होतो. आपल्या कल्पनेतल्या गटाकडे समजा जानेवारीत तीन जोड्या परत आल्या, तिन्हींची वेणी पट्ट्याजवळ तुटलेली. पहिला संशय घर ११ वर गेला. ठशाचे क्रमांक बघितले तर वेण्या तीन वेगळ्या घरांच्या निघाल्या, पण बकऱ्याचं कातडं तिन्हींत एकाच खेपेचं होतं. मावशींवरचा आळ गेला. त्या खेपेच्या न विकलेल्या २२ जोड्या फडताळातून खाली काढल्या, विकलेल्यांच्या मालकांना निरोप गेले आणि व्यापाऱ्याला बिल दाखवून कातडं परत केलं. यातलं काहीही कारागिरांच्या पानांवर आलं नाही. ते आतल्या वहीत, गठ्ठ्याच्या नोंदीपुढे लाल शाईनं लिहिलं गेलं.